पर्वतीच्या पायऱ्यांवर उभा केलेला माणूस तरंगतोय : फोकस कसा जुळवायचा?

नारायणपेठ_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. पुण्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो आणि जुन्या फोटोंची दुरुस्ती ही नेहमीची कामं. आत्ता एका कामात चार दिवस अडकलोय.

एका गृहस्थांच्या पंचाहत्तरीनिमित्त पर्वतीच्या पायऱ्यांवर कुटुंबाचा फोटो काढला. आई-वडील पुढे, थोरला मुलगा, सून आणि नात त्यांच्या शेजारी. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, f/2, अंतर अंदाजे ८ मीटर. मागच्या पायऱ्या आणि झाडं छान धूसर झाली आहेत. धाकटा मुलगा जर्मनीत असतो, त्याला येता आलं नाही. त्याच्या बायकोने भिंतीसमोर उभं करून फोनवर त्याचा फोटो काढून पाठवलाय आणि त्याला या फोटोत उभं करायचंय.

कटिंग नीट केलंय. रंग, उजेडाची दिशा आणि सावली यावर बराच वेळ घालवलाय. तो कुटुंबाच्या मागे, उजवीकडे, चार पायऱ्या वर मोकळ्या जागेत उभा आहे. तरी तो तिथे उभा आहे असं वाटतच नाही, पुठ्ठ्याचा कटआउट लटकवल्यासारखा दिसतो. मागची झाडं आणखी ब्लर करून पाहिली तर जास्तच बिघडलं. कुठे चुकतंय?

सह्याद्री_भटक्या

दादा, एवढी खटपट कशाला? फोनमध्ये पोर्ट्रेट मोड असतो. मी राजगडावर सगळे फोटो त्यातच काढतो. मागचं आपोआप धूसर होतं.

नारायणपेठ_स्टुडिओ

मागचं धूसर आहेच हो, कॅमेऱ्यातूनच आलंय. धूसर जागेत बाहेरून आणलेला माणूस बसवायचा आहे, प्रश्न तो आहे.

अल्बमवाला_सागर

आमच्याकडे रोजचं काम आहे हे. मास्कला २ पिक्सेल फेदर द्या आणि माणसाला १ पिक्सेल गॉशियन ब्लर मारा. कडा मऊ झाल्या की माणूस बसतो. फोनच्या फोटोची धार फार असते, सगळी गडबड तिच्यामुळे होते.

नारायणपेठ_स्टुडिओ

सागर, करून पाहिलं. पूर्वी कात्रीने कापल्यासारखा दिसायचा, आता कापसाने गुंडाळल्यासारखा दिसतो. पण तरंगतोच आहे.

कंपोझिटर_मेधा

सागरचं फोनच्या धारेबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, त्याकडे नंतर येऊ. पण मूळ चूक कडेत नाही.

धारदार माणूस आणि मागे धूसर झाडं यात खोटं काहीच नाही. तुमच्या फोटोतले आई-वडील तसेच आहेत आणि ते तरंगत नाहीत. का? कारण ज्या पायरीवर त्यांचे पाय आहेत ती पायरीही तेवढीच धारदार आहे. धाकट्या भावाच्या चपलेखालची पायरी धूसर आहे आणि त्यावरची चप्पल मात्र लख्ख दिसते. एकाच अंतरावरच्या दोन वस्तूंपैकी एक फोकसमध्ये आणि एक बाहेर असं तुमच्यासारख्या साध्या लेन्समधून होत नाही. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याचे डोळे माणसाला पायरीवरून उचलून पुढे आणतात. पुढे तर त्याच्या पायाखाली काही नाही, म्हणून तो हवेत राहतो. झाडं जितकी जास्त ब्लर कराल तितकी ही फारकत वाढते.

पर्वतीच्या पायऱ्या हे तुमचं नशीब समजा. प्रत्येक पायरीची कड ही आडवी रेघ आहे आणि प्रत्येक रेघ कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर आहे, म्हणजे फोटोतच मोजपट्टी आखून मिळाली आहे. मूळ फाइल २०० टक्क्यांवर उघडा. आई-वडिलांच्या पायाखालच्या पायरीची कड बघा, उजेडातून अंधारात जायला किती पिक्सेल लागतात ते मोजा. मग भावाच्या पायाखालच्या पायरीवर तेच करा. शिवाय झाडांच्या फटीत उजेडाचे गोल ठिपके असतील, त्यातल्या एकाचा व्यास मोजा. आकडे इथे टाका. फाइल किती पिक्सेलची आहे तेही सांगा.

नारायणपेठ_स्टुडिओ

मोजलं. फाइल ६००० बाय ४००० आहे. आई-वडिलांच्या पायरीला २-३ पिक्सेल, भावाच्या पायरीला १६-१७. झाडांमधले ठिपके साधारण ६० पिक्सेलचे आहेत. म्हणजे मी भाऊसाहेबांना १६ पिक्सेलच्या धुक्यात १ पिक्सेलचा माणूस म्हणून उभं केलं होतं! हे आधी मोजायचं सुचलंच नाही.

कंपोझिटर_मेधा

छान मोजलंत. आता पडताळा घेऊ. धूसर वर्तुळाचा सेन्सरवरचा व्यास असा निघतो :

```
c = f² / (N × (s − f)) × |d − s| / d
```

इथे f म्हणजे ८५ मिमी, N म्हणजे २, s हे फोकसचं अंतर म्हणजे ८००० मिमी आणि d हे त्या वस्तूचं अंतर. पहिला भाग ०.४५६ मिमी येतो. तुमच्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी आणि पिक्सेल ६०००, म्हणजे एका मिलिमीटरला सुमारे १६७ पिक्सेल. गुणाकार केला की ७६ पिक्सेल. अगदी दूरच्या ठिपक्याचा व्यास एवढा असतो आणि या फोटोत त्याहून मोठा होणार नाही.

तुमचे झाडांमधले ठिपके ६० चे आहेत, म्हणजे झाडं सुमारे ४० मीटरवर असावीत. जागा आठवून बघा, पटतंय का. पटत असेल तर फोटोत नंतर कोणी वेगळा ब्लर टाकलेला नाही आणि हा हिशोब सगळीकडे चालेल.

भावाची पायरी १६-१७ ची आहे, त्यातले दोन-तीन पिक्सेल लेन्सचा आणि सेन्सरचा स्वाभाविक मऊपणा. उरले साधारण १५. ७६ × २ ÷ १० बरोबर १५. म्हणजे तो कुटुंबाच्या २ मीटर मागे, कॅमेऱ्यापासून १० मीटरवर उभा आहे. तिथे राहायचं तर त्याला १५ पिक्सेलचा धूसरपणा यायलाच हवा, १ पिक्सेलने काही होणार नाही.

डार्करूम_काका

लक्ष्मी रोडवर तीस वर्षं स्टुडिओ चालवला, म्हणून लिहितोय. आमच्या वेळी असे फोटो ब्लेडने कापून चिकटवायचो. कापलेल्या प्रिंटची कड मागून पॉलिश पेपरने घासून कागदासारखी पातळ करायची, म्हणजे कडेची सावली पडत नाही. मग ब्रशने सांधे झाकायचे आणि पूर्ण फोटोचा पुन्हा फोटो घ्यायचा. त्या शेवटच्या निगेटिव्हमुळे दोन्ही भागांवर एकच ग्रेन बसायचा आणि निम्मं काम त्यानेच व्हायचं.

पण मेधाताई, एक शंका आहे. १५ पिक्सेल धूसर केल्यावर त्या मुलाचा चेहरा ओळखू येईल का? घरच्यांना तर तोच हवाय.

कंपोझिटर_मेधा

काका, रास्त शंका. १० मीटरवर माणसाचं डोकं या फाइलमध्ये साधारण ३२५ पिक्सेल उंचीचं येतं आणि एक डोळा चाळीसेक पिक्सेल रुंद. त्यावर १५ चं वर्तुळ फिरलं की पापण्या जातात, डोळ्यातला उजेडाचा ठिपका जातो. माणूस ओळखू येतो, पण नजर हरवते. फोटो १२ बाय १८ इंचाचा छापला तर १५ पिक्सेल म्हणजे कागदावर १ मिलिमीटरहून थोडं जास्त. भिंतीवर टांगल्यावर तो ‘मागे कोणीतरी उभा आहे’ असा दिसेल. पंचाहत्तरीच्या फोटोत धाकट्या मुलाचं असं होऊ नये, असं मला वाटतं.

म्हणून मी त्याची जागाच बदलेन. आई-वडिलांच्या बरोबर मागे, एक पायरी वर, दोघांच्या खांद्यांमधून दिसेल असा. अर्धा मीटर मागे धरा, म्हणजे ८.५ मीटर. ७६ × ०.५ ÷ ८.५, साडेचार पिक्सेल. चेहरा ३८० पिक्सेलच्या आसपास येईल आणि त्यावर साडेचार पिक्सेल म्हणजे नजर शाबूत राहते. जागा बदलल्यावर आकारही बदला हं. १० मीटरवरून ८.५ वर आला की तो जवळपास १८ टक्के मोठा दिसला पाहिजे. नुसता खाली सरकवलात तर बुटका होईल.

दुसरा फायदा असा की त्याचे पाय आई-वडिलांच्या मागे झाकले जातात. पाय दिसलेच नाहीत तर चप्पल आणि पायरी जुळवण्याचा प्रश्नच मिटतो.

प्राची_क्लासेस

मध्येच विचारते, माफ करा. मी घरी हिरव्या पडद्यासमोर बसून बारावीचे व्हिडिओ करते. मागे आमच्या अभ्यासिकेचा फोटो लावते, फोनवर काढलेला, मग ब्लर केलेला. मीही अशीच चिकटवल्यासारखी दिसते. पण माझे तर पाय दिसतच नाहीत, फक्त कमरेपासून वर. मग मी का तरंगते?

कंपोझिटर_मेधा

प्राची, तुमच्या अभ्यासिकेच्या फोटोत पुढे टेबल किंवा खुर्ची दिसते का?

प्राची_क्लासेस

हो, खाली डावीकडे टेबलाचा कोपरा दिसतो. खरं तर त्याच टेबलाशी मी बसले आहे असं दाखवायचं असतं.

कंपोझिटर_मेधा

तोच तुमचा पाय समजा. तुम्ही संपूर्ण फोटोला एकसारखा ब्लर दिलात, त्यामुळे तुमच्या हाताशी असलेलं टेबल आणि चार मीटरवरचं कपाट सारखंच धूसर झालं. टेबल जवळजवळ स्पष्ट ठेवा आणि तिथून कपाटापर्यंत धूसरपणा वाढवत न्या. नाही तर टेबल फ्रेमच्या बाहेर काढा. तुमच्या कामाला दुसरा उपाय पुरेल.

अल्बमवाला_सागर

मेधाताई, जागेचं पटलं. मग आता माणसाला ४.५ चा गॉशियन मारायचा आणि काम झालं?

कंपोझिटर_मेधा

दोन गोष्टी सांभाळायच्या, आणि इथेच बहुतेक कामं पुन्हा फसतात.

पहिली गोष्ट मास्कची. लेयरवर मास्क तसाच ठेवून आतल्या चित्राला ब्लर दिला तर चेहरा, शर्ट मऊ होतात पण बाहेरची रेघ कात्रीचीच राहते. खऱ्या लेन्समध्ये फोकसबाहेरच्या माणसाची कड मागच्या दृश्यात मिसळलेली असते. म्हणून आधी माणूस हव्या त्या आकाराला आणा, मास्कसकट स्मार्ट ऑब्जेक्ट करा, आणि मग त्या ऑब्जेक्टला ब्लर द्या, म्हणजे चित्र आणि कड दोन्ही एकत्र धूसर होतात. आकार आधी, ब्लर नंतर. उलट केलंत तर आकाराबरोबर ब्लरही बदलतो आणि मोजलेला आकडा वाया जातो.

सागर म्हणाला ती फोनची धारही इथेच काढायची. फोन शर्टाच्या कडेला पांढरी बारीक रेघ आखतो. ती मास्कमध्ये राहिली तर ब्लर दिल्यावर पसरून माणसाभोवती प्रभावळ होते. ब्लर देण्याआधी मास्क एक-दोन पिक्सेल आत घ्या.

दुसरी गोष्ट ब्लरच्या प्रकाराची. गॉशियनमध्ये ठिपका मधोमध दाट आणि कडेला विरत जाणारा होतो. लेन्स ठिपक्याची थाळी करते. साडेचार पिक्सेलला हा फरक चेहऱ्यावर फारसा कळत नाही, पण चष्म्यावरच्या किंवा बटणावरच्या चमकेत कळतो. मी `Field Blur` वापरते. मात्र तिथल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. काळ्या लेयरवर दोन-तीन पिक्सेलचा पांढरा ठिपका काढा, तोच ब्लर द्या आणि थाळी किती मोठी झाली ते मोजा. ती साडेचारच्या जवळ येईपर्यंत आकडा बदला, मग तो माणसाला लावा.

डार्करूम_काका

आणि ग्रेन विसरू नका. ब्लर दिला की त्या मुलाचा ग्रेन पुसला जाईल, बाकीच्या फोटोत तो असेल.

कंपोझिटर_मेधा

अगदी बरोबर, काका. ग्रेन सेन्सरवर तयार होतो, लेन्सच्या नंतर. म्हणून कॅमेऱ्याने धूसर केलेल्या झाडांवरही तो तसाच बसलेला असतो. माणसाला ब्लर दिल्यानंतर शेवटी `Add Noise` ने थोडा घाला आणि शेजारच्या सावलीतल्या भागाशी जुळवा. तो राहिला तर माणूस मेणाचा दिसतो.

नारायणपेठ_स्टुडिओ

आज दुपारभर बसलो. आधी चूक सांगतो, कोणाला उपयोग होईल. भाऊ आई-वडिलांच्या मागे ठेवला आणि त्यांच्या आकाराने त्याचा लेयर आधीच कापला, मग ब्लर दिला. आईच्या पदराच्या कडेला एक पारदर्शक पट्टी उमटली, मागची पायरी त्यातून दिसायला लागली.

मग उलट केलं. भाऊ खांद्यापासून कमरेपर्यंत पूर्ण ठेवला, त्याला ब्लर दिला, आणि मग आई-वडिलांचा स्वतंत्र कटिंग केलेला लेयर त्याच्यावर ठेवला. त्यांची कड धारदार, त्याची मऊ. आता तो खरोखर त्यांच्या मागे उभा आहे. `Field Blur` मध्ये ठिपका मोजून आकडा ठरवला, ग्रेन घातला. ग्राहकांच्या थोरल्या मुलाला काही न सांगता दाखवला. त्याने सगळ्यांची नावं घेत बोट फिरवलं आणि धाकट्यापाशी अडखळला नाही.

पण एक गोष्ट मला अजून खुपते. त्याचा चेहरा बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो. नाक जरा पुढे, कान मागे गेलेले. फोकसशी याचा संबंध आहे का?

कंपोझिटर_मेधा

नाही. बायकोने फोन किती लांबून धरला होता?

नारायणपेठ_स्टुडिओ

विचारलं. म्हणे दीड-दोन मीटर.

कंपोझिटर_मेधा

म्हणूनच. तुमचा कॅमेरा ८ मीटरवर होता. दीड मीटरवरून नाक कानांच्या तुलनेत जवळ असतं, म्हणून मोठं येतं. हा अंतराचा परिणाम आहे, लेन्स बदलून किंवा ब्लर देऊन जात नाही. तो मी ब्लरने लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. शक्य असेल तर पुन्हा फोटो मागवा, लांबून काढलेला.

डार्करूम_काका

पुन्हा कशाला मागवता? `Liquify` मध्ये नाक चिमूटभर आत घ्या, कान थोडे बाहेर ओढा. आम्ही निगेटिव्हवर पेन्सिलने याहून जास्त केलंय.

कंपोझिटर_मेधा

काका, तुमच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण नाक, जबडा, कपाळ, कान सगळंच वेगवेगळ्या प्रमाणात बदलतं. ओढाताणीत आईला आपला मुलगा अनोळखी वाटला तर? फोटो आईच बघणार आहे.

डार्करूम_काका

आईला नाक कुठे आहे हे माहीत असतं, ताई. ती फोटोत नाक शोधत नाही, मुलगा शोधते. मी केलं असतं.

अल्बमवाला_सागर

पण फोनने ८ मीटरवरून काढला तर माणूस मुंगीएवढा येईल ना?

कंपोझिटर_मेधा

येईल, आणि ही खरी अडचण आहे. फोनचा नेहमीचा लेन्स २६ मिमीच्या तोडीचा धरला तर ८ मीटरवरून माणूस १२ मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोत सहाशेच्या आसपास पिक्सेल उंच येतो. तुमच्या फोटोत तो २८०० च्या वर हवा. एवढा ताणला तर चेहऱ्यावर तपशील उरत नाही. फोनला वेगळा टेलिफोटो लेन्स असेल तर ८ मीटर करा. नसेल तर ४ मीटर. त्यात दुपटीहून जास्त मोठा करावा लागेल, पण साडेचार पिक्सेलचा ब्लर आपण देणारच आहोत, त्यामुळे त्यातलं बरंच खपून जाईल. किती खपेल ते फोटो आल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आणि फोन डोळ्यांच्या उंचीवरून नको, कमरेच्या उंचीवर धरायला सांगा. तुम्ही पायऱ्यांच्या खालून वर बघत फोटो काढलाय.

नारायणपेठ_स्टुडिओ

फोन जुना आहे, टेलिफोटो नाही. ४ मीटर, कमरेच्या उंचीवर, सावलीत, डावीकडून उजेड असं लिहून पाठवलंय. त्यांच्याकडे आज पाऊस आहे, उद्या काढतो म्हणाले. छपाई गुरुवारी द्यायची आहे. तोपर्यंत नवा फोटो आला तर तो बसवतो, नाही तर आहे तोच छापतो. काकांचं `Liquify` एका कॉपीवर करून ठेवलंय, दोन्ही प्रिंट थोरल्या मुलासमोर ठेवणार आहे.